गुरुवार, साडेसहा आणि चपलांची एक जोडी

गेल्या गुरुवारी संध्याकाळी पावणेसातला हॉलच्या पायरीपाशी चपलांची एकच जोडी होती, आणि ती माझी होती. आत बावीस खुर्च्या, फळा, मी आणि नाना. नाना म्हणजे हॉलचे राखणदार. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा छताकडे, आणि चारपैकी तीन पंखे बंद केले. चौथ्याच्या बटणावर बोट ठेवून म्हणाले, "सर, हा लागंल का?"

मी मोडी शिकवतो. आठवड्यातून एकदा, नाशिकला गंगापूर रोडच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं लटकवतात. मीही यंदा तेच केलं. आधी गुरुवारची रेघ ओढली, मग माणसं लटकवायला गेलो.

बरं, हा गुरुवार मी असाच हवेतून पकडलेला नव्हता. वर्षभराच्या हजेरीच्या वह्या घेऊन दोन रात्री बसलो होतो. जुलै ते सप्टेंबर वर्ग सोमवारी होता, सरासरी नऊ माणसं. ऑक्टोबर ते डिसेंबर मंगळवारी, अकरा. जानेवारी ते मार्च गुरुवारी, चौदा. झालं! बायकोला हाक मारून एक्सेलमधला चौदाचा खांब दाखवला. ती म्हणाली, "मग मला कशाला उठवलंस?"

उरलेले वार नाशिकनेच बाद केले होते. बुधवारी गोदाघाटावर बाजार, पिशव्या घेऊन मोडी लिहायला कोण येणार? रविवार सकाळ मिसळीची. तिखट रश्श्यासाठी तासभर रांगेत शांतपणे उभी राहणारी माणसं माझ्या वर्गात पाच मिनिटं उशीर झाला की घड्याळ बघतात. हे मला आजही लागतं, पण ते असो.

तर पंखा. मी म्हटलं, "राहू द्या नाना, येतील."

"कोन येतंय आता? गुरुवारची आरती साडेसहाला. तुमचे निम्मे तिकडं मठात."

"मग जानेवारीत कसे येत होते? तेव्हाही गुरुवारच होता!"

नानांनी स्टूल ओढलं. "तवा तुम्ही बोर्डावर काय लिहिलं व्हतं? गुरुवारचा वर्ग. मठातले तवा नाव द्यायलाच नाही आले. यंदा आधी पैसे घेतले, मग वार सांगितला."

मी खडू खाली ठेवला. दोन रात्रींत मला न दिसलेली गोष्ट ही होती. वहीत नाव असतं ते ज्याला तो वार आधीच जमतो त्याचं. ज्याला जमत नाही, तो गैरहजर लागत नाही, तो वहीत येतच नाही. गुरुवारची वही म्हणजे गुरुवार जमणाऱ्यांचं मत. त्यावरून यंदा नाव दिलेल्या बावीस वेगळ्याच माणसांचा गुरुवार ठरवणं म्हणजे मटणाच्या खानावळीबाहेर उभं राहून गावात शाकाहारी किती ते मोजणं.

"आन् ते चौदा बी खरे नव्हते," नाना म्हणाले.

"म्हणजे?"

"तुम्ही सह्या मोजता. मी चपला मोजतो. पहिल्या रांगेतल्या काकू तिघींच्या सह्या करायच्या. बारा जोड्या असायच्या, जास्त नाही."

घरी येऊन वही काढली. तिन्ही सह्या एकाच पेनाच्या, एकाच तिरक्या वळणाच्या. दोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाचं अक्षर ओळखणारा माणूस मी! आणि तीन महिने डोळ्यांसमोर चाललेली बनावट सही मला एक राखणदार दाखवतो. त्या काकूंना मी 'अक्षर सुधारतंय' असा शेराही दिला होता.

मग सगळंच परत मांडलं. नुसती डोकी मोजून उपयोग नाही, नोंदलेल्यांपैकी किती आले ते बघायला हवं. गुरुवारी नावं अठरा आणि खरी हजेरी बारा, म्हणजे दोन तृतीयांश. मंगळवारी वीसपैकी अकरा, निम्म्याहून जरा जास्त. आणि मी ज्याला सर्वांत खाली टाकलं होतं त्या सोमवारी अकरापैकी नऊ! म्हणजे तळाचा सोमवार थेट वर, गुरुवार मधे आणि मंगळवार तळाला. पण लगेच सोमवारच्या नावाने नारळ फोडायचीही सोय नाही. श्रावणातले सोमवार, उपवास, पाऊस, त्यातून नाव नोंदवणारे अकरा म्हणजे मुळातच चिवट. त्यांना पहाटे चारला बोलावलं असतं तरी नऊ आले असते. शिवाय सोमवार सगळा पावसाळ्यात, मंगळवार दिवाळीच्या धामधुमीत, गुरुवार छान थंडीत. आता फरक वाराचा की हवेचा, हे त्या वह्यांतून ब्रह्मदेवालाही काढता येणार नाही. प्रत्येक वाराला एकच ऋतू मिळालेला.

ग्रुपवर मतदान का नाही घेतलं, असं आमचा एक मित्र विचारतो. घेतलं होतं ना! बावीसपैकी सतरा जणांनी गुरुवारपुढे अंगठा दाखवला होता. लोक वाराला मत देत नाहीत, 'आपल्याला मोडी यायला हवी' या सदिच्छेला देतात. एकाने तर लिहिलं होतं, "सर, कोणताही वार चालेल." ते गृहस्थ आजवर कोणत्याही वारी आलेले नाहीत. परवा कॉलेज रोडला भेटले, म्हणाले, "फी भरलीय ना, मग?" मला हसू आलं नाही. मी दर वर्गाला बावीस झेरॉक्स काढतो, माझ्या पैशाने.

वेळेचं मात्र वहीतून थोडं हाती लागलं, कारण शेवटच्या दीड महिन्यात मी कोण किती वाजता आलं ते सहीशेजारी लिहून घ्यायचो. वर्ग साडेसहाचा, पण निम्म्याहून जास्त माणसं सात ते सव्वासातच्या दरम्यान. अंबडहून सुटणारे, नाशिकरोडहून येताना द्वारकेवर अडकणारे. रेघ कशी ओढायची ते मी रोज दोनदा सांगत होतो, आणि वेळेवर येणारे तेच दुसऱ्यांदा ऐकून कंटाळत होते. ते गळाले, उशिरा येणारे टिकले.

तेव्हा आता ठरवलंय: वेळ सव्वासात, दोन्ही दिवशी तीच. फक्त वार बदलायचा. एक आठवडा मंगळवार, पुढचा गुरुवार, असे आठ आठवडे. माणसं तीच बावीस. एकाआड एक घेतले की पाऊस नि सणवार दोघांच्याही वाट्याला येतील. आधी वार आणि वेळ एकदमच बदलणार होतो, पण मग माणसं वाढली तर श्रेय कुणाला द्यायचं? चार-चार वर्गांत एखाद-दुसऱ्या माणसाचा फरक पडला तर तो काही फरक नव्हे, हेही पाटीवर लिहून ठेवलंय, माझ्यासाठीच. सोसायटीने मात्र दोन्ही वारांचं भाडं आगाऊ घेतलं. प्रयोगाला सवलत नाही म्हणे.

काल पहिला मंगळवार. सव्वासातला पायरीपाशी अकरा जोड्या! मी उड्या मारायच्या बेतात होतो.

"थांबा," नाना म्हणाले. "ह्या तीन वरच्या भजनी मंडळाच्या. ही तुमची. आन् ही कोपऱ्यातली दिवाळीपासून पडलीय."

"म्हणजे तुम्ही जानेवारीत बारा मोजल्या त्यात..."

नाना चपलेकडे बघत राहिले. मग पंख्याचं बटण दाबायला आत गेले.

आत जाऊन मी डोकी मोजली. सहा. वहीत सह्या सात.