पोट रिकामे असले तरी इन्सुलिन का लागते

व्हॉट्सॲपवर फिरणारा संदेश असा आहे: “साखर पोटात गेली की ती जाळायला इन्सुलिन लागते. मग उपवासाच्या दिवशी इंजेक्शन कशाला? त्या दिवशी ते बंद ठेवा, स्वादुपिंडाला विश्रांती मिळेल आणि ते पुन्हा काम करू लागेल. इन्सुलिनची एकदा सवय लागली की ती सुटत नाही. गोड हवेच असेल तर गूळ खा, गुळाने शुगर वाढत नाही.”

मी कोल्हापुरात मधुमेहाचे रुग्ण तपासतो आणि दर नवरात्रात हा संदेश कुणा ना कुणाच्या फोनवर मला दाखवला जातो. यातल्या पहिल्याच वाक्यात मूळ चूक आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो.

इन्सुलिन साखर जाळत नाही. ते स्वादुपिंडातल्या बीटा पेशींनी रक्तात सोडलेला एक निरोप आहे आणि तो सर्वांत आधी यकृताला मिळतो. आपण जेवतो तेव्हा यकृत ग्लुकोजचा साठा करते आणि आपण उपाशी असतो तेव्हा तोच साठा हळूहळू रक्तात सोडते, कारण मेंदूला रात्रीही ग्लुकोज लागते आणि ते घेण्यासाठी त्याला इन्सुलिनची गरज नसते. ५४ किलो वजनाच्या निरोगी माणसाचे यकृत उपाशीपोटी तासाला साधारण साडेसहा ग्रॅम ग्लुकोज सोडते, म्हणजे आठ तासांच्या झोपेत पन्नास ग्रॅमच्या आसपास, चहाचे दहा चमचे भरून. त्याच माणसाच्या सगळ्या रक्तात एका वेळी मात्र साधारण साडेतीन ग्रॅमच, म्हणजे चमचाभरही नाही इतके ग्लुकोज असते. इतका मोठा पुरवठा इतक्या लहान साठ्यात चालू असूनही सकाळी तपासणीत नव्वद-पंचाण्णव येते, ते रात्रभर थोडे थोडे झिरपणारे इन्सुलिन यकृताला आवरून धरते म्हणून. रात्री भाकरीसुद्धा न खाता झोपलेल्या रुग्णाची सकाळची साखर एकशे ऐंशी येते आणि तो चक्रावतो. ती साखर ताटातली नसून बहुतांशी त्याच्या स्वतःच्या यकृतातली असते.

इन्सुलिनचे दुसरे काम चरबीशी आहे. अंगातली चरबी सुटून रक्तात येण्यावर ते बंधन ठेवते. ते बंधन गेले की चरबीचे लोंढे यकृताकडे जातात, यकृत त्यांपासून कीटोन नावाची आम्ले बनवते आणि रक्त आम्लधर्मी होऊ लागते. चरबीला आवरायला फारच थोडे इन्सुलिन पुरते, तर स्नायूंमध्ये ग्लुकोज शिरवायला त्याहून बरेच जास्त लागते. म्हणूनच टाइप २ च्या बहुतेक रुग्णांची साखर चढलेली असली तरी रक्त सहसा आम्लधर्मी होत नाही, कारण त्यांचे स्वतःचे थोडे इन्सुलिन शिल्लक असते. टाइप १ मध्ये शरीराच्याच प्रतिकारशक्तीने बीटा पेशी नष्ट केलेल्या असतात आणि तेवढा आधारही उरत नाही.

गेल्या नवरात्रात पाहिलेला एक रुग्ण यासाठी सांगतो. करवीर तालुक्यातला तेवीस वर्षांचा मुलगा, चौदाव्या वर्षापासून टाइप १, वजन ५४ किलो. रात्री दीर्घकाळ टिकणारे १६ युनिट आणि प्रत्येक जेवणाआधी लवकर काम करणारे, अशी त्याची इंजेक्शने होती. घटस्थापनेला त्याने पाण्यावर आणि बिनसाखरेच्या चहावर उपवास धरला आणि वरचाच संदेश वाचून दोन्ही प्रकारची इंजेक्शने बंद केली. पहिला दिवस बरा गेला, कारण आदल्या रात्रीचा डोस अजून काम करत होता. दुसऱ्या दिवशी तहान लागून वारंवार लघवी होऊ लागली. तिसऱ्या पहाटे मळमळ आणि पोटदुखी सुरू झाली, तेव्हा आईला वाटले पित्त झाले असेल. संध्याकाळी त्याला आणले तेव्हा श्वास खोल आणि भरभर चालला होता, तोंडाला अति पिकलेल्या फळासारखा वास होता, साखर ४३८ होती आणि लघवीत कीटोन भरपूर होते. त्याने अडीच दिवसांत गोडाचा कण खाल्ला नव्हता. साठा संपल्यावर यकृताने स्नायूंमधल्या प्रथिनांपासून ग्लुकोज बनवले होते, आणि साखर एकशे ऐंशीच्या वर गेली की मूत्रपिंडे ती लघवीवाटे सोडू लागतात व सोबत पाणीही जाते, म्हणून तो कोरडा पडला होता. शिरेतून सलाइन आणि इन्सुलिन देत, दर काही तासांनी पोटॅशियम पाहत, तो दोन दिवसांनी सावरला. आणखी एक रात्र घरी काढली असती तर काय झाले असते, याचा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

उपाशी ठेवून हा आजार बरा करण्याचा प्रयोग पूर्वी खरोखर झालेला आहे. इन्सुलिन सापडण्याआधी अमेरिकेतले डॉक्टर फ्रेडरिक ॲलन अशा मुलांना अत्यंत तोकड्या आहारावर ठेवत. त्याने आयुष्याचे काही महिने वाढत, पण मुले हाडांचा सापळा होऊन जात. लेनर्ड थॉम्पसन हा चौदा वर्षांचा मुलगा टोरांटोच्या रुग्णालयात आला तेव्हा त्याचे वजन तीस किलोसुद्धा नव्हते. जानेवारी १९२२ मध्ये त्याला इन्सुलिन टोचले. पहिला अर्क अशुद्ध होता, फारसा उपयोग झाला नाही. बारा दिवसांनी शुद्ध केलेला अर्क दिल्यावर साखर उतरली आणि लघवीतले कीटोन गेले. तो पुढे तेरा वर्षे जगला. पेशीच नष्ट झालेल्या ठिकाणी विश्रांतीचा उपयोग नाही.

टाइप २ मध्ये मात्र या कल्पनेत थोडे तथ्य आहे आणि ते नाकारू नये. फार चढलेली साखर उरलेल्या बीटा पेशींनाच मंद करते. ती उतरवली किंवा वजन बरेच घटवले, तर त्यांतल्या काही पुन्हा काम करू लागतात. पण साखर उतरवण्याचा एक मार्ग इन्सुलिन हाच असतो, म्हणजे विश्रांती इंजेक्शन बंद करून नव्हे, ते घेऊन मिळते. सवयीची गोष्टही इथेच निकालात निघते. गरोदरपणात मधुमेह होऊन इन्सुलिन घेतलेल्या बहुतेक स्त्रियांचे इंजेक्शन प्रसूतीनंतर थांबते. ज्यांचे थांबत नाही त्यांच्या अंगात स्वतःचे इन्सुलिन किती बनते, हे सी-पेप्टाइडच्या रक्ततपासणीत दिसते. तिथे आकडा अगदी कमी असेल तर गरज पेशींच्या अभावाची आहे, व्यसनाची नाही.

गुळाबद्दल कोल्हापूरकराला वाईट वाटेल, पण सांगायला हवे. आपला गूळ उसाच्याच रसाचा आहे आणि त्यात बहुतांश सुक्रोज, म्हणजे साखरच आहे. थोडी खनिजे आहेत, पण ती ग्लुकोजला रोखत नाहीत. उपवासाची साबुदाणा खिचडी आणि रताळे हेही पिष्टमय पदार्थ आहेत, तेव्हा असा उपवास रिकाम्या पोटाचा नसतोच.

ज्यांना उपवास करायचाच आहे त्यांनी आठवडाभर आधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्यावा. साधारणपणे जेवणाआधीचे इन्सुलिन जेवण नसेल तर घेत नाहीत. दीर्घकाळ टिकणारे चालू ठेवतात, हवे तर कमी करतात. मिश्र इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांना उलट धोका असतो. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे दिसले आणि साखर सत्तरखाली आली, तर उपवास तिथेच सोडून तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. साखर २५० च्या वर असून मळमळ, पोटदुखी किंवा धाप असेल, तर पित्ताची गोळी घेऊन वाट पाहू नये, लघवीतले कीटोन त्याच दिवशी तपासून घ्यावेत.