परिचय पाठवा म्हटल्यावर नक्की काय पाठवायचं

परवा एका व्याख्यानमालेच्या आयोजकांचा मेसेज आला, ताई परिचय पाठवा. आता मी बायोडाटा पाठवत नाही, कानाला हात लावलाय.

पहिल्यांदा पाठवला होता तेव्हा दोन पानी पीडीएफ केली होती. शिक्षण, बँकेतली नोकरी, लेख, सत्कार, सगळं. निवेदिका बिचारी नवीन होती, तिने ते जसंच्या तसं वाचलं, अगदी शेवटचं "सोबत फोटो जोडला आहे, आपणांस योग्य वाटेल तसे कमीजास्त करावे" हेसुद्धा माइकवर! लोक हसले, मीही हसले, पण चूक तिची नव्हती. मी आयोजकांना लिहिलेली चिठ्ठी आणि लोकांना ऐकवायचा मजकूर एकाच कागदावर कोंबला होता. आता दोन वेगळे मेसेज करते. एकात प्रोजेक्टर, माइक, रिक्षा वगैरे. दुसऱ्यात फक्त माइकवर बोलायचे शब्द, आणि वर "नमस्कार"सुद्धा नाही, कारण तोही वाचला जातो.

त्याच कार्यक्रमात दुसरी गंमत झाली. माझा विषय गधेगाळ. शिलाहार काळातले दगड, दानाचा हुकूम मोडणाऱ्याला गाढवाची शिवी कोरलेली असते. गाळ म्हणजे शिवी. मी नुसतं "गधेगाळांच्या अभ्यासक" लिहिलं होतं. निवेदिका तो शब्द बघून अडखळली आणि म्हणाली, "गाढवांच्या गाळाच्या अभ्यासक". आणि आक्षी गावाचं झालं साक्षी. तेव्हा कळलं की आपल्याला रोजचा झालेला शब्द दुसऱ्याच्या तोंडात पहिल्यांदाच जाणार असतो. म्हणून अवघड शब्द एकदाच घ्यायचा आणि तो निवेदकाला आदल्या दिवशी फोनवर म्हणून दाखवायचा.

आकडे पण अक्षरात लिहायचे. "इ.स. 1012" लिहिलं की कुणी "इस" म्हणतं, कुणी "टेन ट्वेल्व्ह". आणि मराठीत क्रियापद शेवटी येतं हे विसरायचं नाही. "कोकणातील विविध गावांतील दुर्लक्षित शिलालेखांचा गेली अनेक वर्षे सातत्याने..." इथपर्यंत वाचणाऱ्याचा श्वास संपतो आणि या बाई नक्की करतात काय ते अजून कळलेलंच नसतं.

यावेळी पाठवलेला मजकूर हा:

"अलिबागजवळ आक्षी नावाचं गाव आहे. तिथे एक दगड आहे. त्यावर मराठी लेख कोरलेला आहे. तो शके नऊशे चौतीसचा, म्हणजे सन एक हजार बाराचा मानला जातो. असे दगड बघत आजच्या वक्त्या पंधरा वर्षं कोकणात फिरताहेत. बँकेतली नोकरी सांभाळून, बहुतेक रविवारी. काही दगडांवर गाढवाची शिवी कोरलेली असते. त्यांना गधेगाळ म्हणतात. ही शिवी कुणाला आणि कशासाठी, ते आज त्या फोटो दाखवून सांगणार आहेत. ऐकूया..."

आणि इथे माझं नाव. नाव शेवटी, कारण नाव घेतलं की टाळ्या पडतात आणि मी उठते. सुरुवातीलाच घेतलं तर टाळ्या वाजून संपतात आणि परिचय चालूच राहतो, आपण अर्धवट उठून परत बसतो, फार ओशाळवाणं होतं ते. स्टॉपवॉच लावून मोठ्याने वाचलं, पाऊण मिनिट भरलं. बास.

आधी त्यात "मराठीतला पहिला शिलालेख" असं लिहिलं होतं, ते काढलं. श्रवणबेळगोळवाले म्हणणार "श्रीचावुंडराजे करवियले" पहिला, आणि श्रोत्यांत असा एक जण असतोच! तो वाद मी भाषणात घालेन, निवेदकाच्या गळ्यात कशाला? शिवी कुणाला तेही मुद्दाम सांगितलं नाही, नाहीतर माझ्या पहिल्या दहा मिनिटांचं काम तिथेच उरकतं.

स्वतःबद्दल "त्या फिरताहेत" लिहिताना लाज वाटते हे खरं. पण "मी" लिहून पाठवलं तर निवेदकाला स्टेजवर उभ्याउभ्या मीचं त्या करत बसावं लागतं आणि मध्येच एखादा मी राहून जातो. "प्रख्यात", "सुप्रसिद्ध" मात्र मी लिहीत नाही. ते निवेदक आपणहून घालतात, न सांगता, त्याला माझा इलाज नाही.

तर मेसेज पाठवला. आयोजकांचा रिप्लाय आला, "छान आहे ताई, पण थोडं लहान वाटतंय, जुना बायोडाटा पण पाठवून ठेवा ना."

नाही पाठवला. हाच मजकूर मोठ्या अक्षरात छापून पर्समध्ये टाकलाय, स्टेजवर मोबाइलची स्क्रीन नेमकी वाचताना बंद होते.