ग्रोव्हरची पावलं वाढवली की उत्तर हातचं जातं

"क्वांटम कॉम्प्युटर सगळ्या नोंदी एकदम बघतो, त्यामुळे एका झटक्यात उत्तर. ग्रोव्हरची पावलं जितकी जास्त, तितकी खात्री जास्त. उद्या कुठलाच पासवर्ड टिकणार नाही."

हा फॉरवर्ड घरच्या ग्रुपवर फिरत होता तोवर मी गप्प होतो. आता सोलापुरातच इंजिनिअरिंग करणाऱ्या भाचीने तो जसाच्या तसा सेमिनारच्या स्लाइडवर उतरवलाय, आणि वर विचारते, "मामा, बरोबर आहे ना?" नाही गं बाई!

ग्रोव्हर म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरवर नोंदींच्या ढिगातून हवी ती शोधायची पद्धत, तेच एक पाऊल पुन्हा पुन्हा टाकत चालणारी. सगळ्यात घातक मधलं वाक्य, म्हणून आधी तेच. आठ नोंदी घे, त्यातली एक हवी आहे. प्रत्येक नोंदीला एक आयाम असतो, म्हणजे ज्याच्या वर्गावरून ती सापडण्याची शक्यता ठरते तो आकडा. सुरुवातीला तो सगळ्यांचा सारखा, त्याला 1 म्हणू. सापडण्याची शक्यता म्हणजे आयामाचा वर्ग भागिले 8, म्हणजे साडेबारा टक्के. एका पावलात आधी हव्या नोंदीचं चिन्ह उलटतं, मग सगळे आयाम सरासरीभोवती पलटतात, म्हणजे जो सरासरीच्या जितका खाली तो तितकाच वर जातो, आणि वरचा तितकाच खाली. पहिल्या पावलात हवी नोंद −1 झाली, सरासरी आली 0.75, पलटल्यावर हवी 2.5, बाकीच्या 0.5. शक्यता 78 टक्के. दुसऱ्या पावलानंतर हवी 2.75, शक्यता साडेचौऱ्याण्णव टक्के. पण बाकीच्या सात आता −0.25 वर, शून्याच्या खाली गेल्या. इथेच थांबायचं. पुढच्या पावलात सरासरीच ऋण येते आणि तेच पलटणं हव्या नोंदीला खाली ओढतं. तिसऱ्यानंतर 33 टक्के, चौथ्यानंतर जेमतेम 1.2. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी साडेबारा होते!

मधेच डोकावून बघू म्हणशील, तर मोजलं की अवस्था मोडते, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून किती पावलं चालायची हे आधीच ठरवावं लागतं. आठात हव्या नोंदी दोन असतील तर एकाच पावलात शंभर टक्के, आणि दुसरं टाकलंस की थेट 25.

पहिल्या वाक्यात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने मान्य. पाऊल सगळ्या नोंदींवर एकदम पडतं, आणि चार नोंदींत एक हवी असेल तर खरंच एका झटक्यात काम होतं. पण दहा लाखांत हव्या नोंदीचा खरा आयाम, ज्याचा नुसता वर्ग म्हणजेच शक्यता, सुरुवातीला हजारांश असतो, आणि एका पावलाला त्यात साधारण दोन हजारांशांचीच भर पडते. वर जाता जाता तीही कमी होत जाते. म्हणून नोंदी N असल्या तर एकूण π/4 गुणिले √N, म्हणजे इथे सुमारे 785 पावलं. 1570 च्या आसपास शक्यता परत शून्याजवळ. कुठल्याही क्वांटम युक्तीने √N च्या पटीपेक्षा कमी विचारण्यांत हा शोध होत नाही, हे बेनेट, बर्नस्टीन, ब्रासार्ड आणि वझिरानी यांनी 1997 मध्येच सिद्ध केलंय.

पासवर्डचं थोडक्यात. 128 बिटांची गुप्त किल्ली अशी शोधायला सुमारे 2^64 पावलं, तीही एकामागून एक. किल्ली 256 बिटांची केली की 2^128. म्हणजे "कुठलाच टिकणार नाही" हेही खोटं.