गावच्या नेटला नावं ठेवण्याआधी फाइल उघडून बघा

आज सकाळी पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "स्नेहसंमेलनाच्या नाटकाचा व्हिडिओ लागतच नाही, नुसतं गोल फिरतंय." शाळेकडून उत्तर आलं, "इथं व्यवस्थित चालतोय. गावाकडच्या नेटला आम्ही काय करणार?" त्यावर चार-पाच अंगठेही पडले. तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही.

कारण हेच उत्तर मी गेल्या वर्षीही ऐकलंय, आणि तेव्हा ते गोल कुणासमोर फिरत होतं ते डोळ्यांनी बघितलंय.

माझी मावशी कणकुंबीला असते. गेल्या वर्षी माझ्या लेकीचं नाटकात काम होतं, म्हणून मी तिला लिंक आणि पासवर्ड पाठवला. पुढच्या रविवारी जांबोटीमार्गे तिच्याकडे गेलो, तर मावशी अंगणाच्या टोकाला फणसाखाली फोन धरून बसलेली. घरात रेंज नाही, तिथं दोन कांड्या येतात. मला बघून म्हणाली, "कवापासनं बघालोय, हे फिरालंयच. माझ्या फोनातच कायतरी बिघडलंय बघ." तीन दिवस ती रोज संध्याकाळी तिथं बसत होती. दोष फोनचा, नाहीतर आपलाच, असं तिनं ठरवूनही टाकलं होतं.

मी तिथंच मोजलं. फाइल १०८ एमबीची, नाटक १२ मिनिटांचं, नेट सेकंदाला साधारण २ मेगाबिट. म्हणजे अख्खी फाइल उतरायला सात मिनिटांच्या वर. पण व्हिडिओला सेकंदाला लागत होते जेमतेम १.२ मेगाबिट! म्हणजे मावशीचं नेट त्या व्हिडिओला पुरून उरत होतं. पहिल्या काही सेकंदांत पडदा उघडायला काहीच हरकत नव्हती.

मग अडत कुठं होतं? नीट सांगतो, कारण माझा रोजचा धंदाच हा आहे.

एमपीफोर फाइलमध्ये दोन मोठे भाग असतात. `mdat` मध्ये खरं चित्र आणि आवाज, आणि `moov` मध्ये त्याची अनुक्रमणिका: कुठली फ्रेम किती बाइटची, फाइलमध्ये कुठं ठेवलीय, कितव्या सेकंदाला दाखवायची. ही अनुक्रमणिका हातात आल्याशिवाय ब्राउझरला एकही फ्रेम उलगडता येत नाही. समोर आलेले बाइट चित्राचे की आवाजाचे, हेसुद्धा त्याला कळत नाही.

आता पुस्तकाचंच बघा. अनुक्रमणिका तयार होते सगळ्यात शेवटी, कारण पानांचे आकडे तेव्हाच कळतात, पण बांधताना ती पुढं लावतात. व्हिडिओ बनवणारं सॉफ्टवेअर पहिला भाग बरोबर करतं. शेवटची फ्रेम लिहून झाल्यावरच `moov` लिहितं, कारण त्याआधी आकडे माहीतच नसतात. पण ते पुढं आणून बांधायचं काम, आपण सांगितलं नाही तर, बरीच सॉफ्टवेअर करत नाहीत. `moov` शेपटालाच राहतं. (शूटिंग चालू असताना बॅटरी गेली की फाइल उघडत नाही आणि "moov atom not found" येतं, तेही यामुळेच. अनुक्रमणिका लिहायची वेळच आलेली नसते.)

आता कुणी म्हणेल, सर्व्हर चांगला असेल तर ब्राउझर थेट फाइलच्या शेवटाकडचा तुकडा मागून `moov` आधी आणतो. खरं आहे. तशा वेळी सर्व्हरचं उत्तर २०६ क्रमांकाचं येतं आणि व्हिडिओ थोडा उशिरा का होईना, लागतो. पण शाळेचा व्हिडिओ लॉगिन तपासणाऱ्या स्क्रिप्टमधून येतो, आणि त्या स्क्रिप्टला तुकडे देताच येत नाहीत. काहीही मागा, ती २०० म्हणत अख्खी फाइल पहिल्या बाइटपासून ओतत सुटते. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये हे स्पष्ट दिसतं: २००, आकडा वाढत वाढत १०८ एमबीला पोचतो, आणि मग कुठं चित्र हलतं. मध्येच रेंज गेली तर पुन्हा शून्यापासून. मावशीची रेंज सात मिनिटं सलग कधी राहिलीच नाही. तीन संध्याकाळी तिनं फक्त चित्र आणि आवाजाचे बाइट गोळा केले, अनुक्रमणिकेपर्यंत एकदाही पोचली नाही.

आणि "इथं चालतोय" का? शाळेतल्या १०० मेगाबिटच्या लाइनवर तीच अख्खी फाइल नऊ सेकंदांत उतरते. नऊ सेकंद गोल फिरलं तर कोण विचार करतो? चूक तिथंही तीच आहे हो! फक्त ती सोसतंय कोण, तर फणसाखाली बसलेली माझी मावशी.

कणकुंबीला नेट चांगलं नाही, हे मान्य. पावसाळ्यात तर बोलायलाच नको. पण हा व्हिडिओ नेटमुळे अडला नव्हता.

उपाय एका ओळीचा आहे:

```
ffmpeg -i natak.mp4 -c copy -movflags +faststart natak-web.mp4
```

`-c copy` म्हणजे चित्र-आवाजाला हातही लावायचा नाही, त्यामुळे क्वालिटी तसूभरही कमी होत नाही. फाइल लिहून झाली की दुसऱ्या फेरीत `moov` उचलून पुढं आणलं जातं. अनुक्रमणिका पुढं आली की सगळी पानं तेवढीच मागं सरकणार, म्हणून तिच्यातला प्रत्येक पत्ताही तेवढ्याच बाइटनं वाढवला जातो. एवढ्या फाइलला काही सेकंद पुरतात. या नाटकाचं `moov` अर्धा एमबीसुद्धा नव्हतं, म्हणजे मावशीच्या नेटवर दोन सेकंदांचं काम. हॅंडब्रेक वापरणाऱ्यांना तर "Web Optimized" वर नुसती टिक करायची आहे.

चढवण्याआधी तपासायचं असेल तर:

```
ffprobe -v trace natak.mp4 2>&1 | grep -E "type:'(moov|mdat)'"
```

`moov` ची ओळ आधी आली तर ठीक. `mdat` आधी आलं तर अजून काम बाकी आहे.

याने सगळं सुटत नाही, तेही सांगतो. व्हिडिओलाच सेकंदाला पाच मेगाबिट लागत असतील तर दोनच्या नेटवर तो अडखळणारच, मग `moov` कुठंही असो. यूट्यूबवर टाकलं तर ही भानगडच नाही, ते आपल्या फाइली स्वतः नव्याने बनवून घेतात. पण पोरांचे चेहरे फक्त पालकांपुरते राहावेत असं शाळेला वाटतं, आणि ते मलाही पटतं.

एडिटिंग करणाऱ्या पोरावर माझा राग नाही. रात्री जागून केलंय त्यानं, आणि सॉफ्टवेअरनं जसं दिलं तसं चढवलं. गेल्या वर्षी मी पेनड्राइव्हवर नवी फाइल नेऊन दिली तेव्हा त्यानं निमूट बदलली. त्या रात्री मावशीचा फोन आला. "लागलं रे! आणि दिसली की पोरगी. खरं ती टोपी लई मोठी झालीय तिला." टोपी पहिल्याच मिनिटात दिसते. म्हणजे तिनं बघितलं आणि लगेच फोन लावला, पुढचं नाटक नंतर बघितलं.

राग आहे तो त्या उत्तराचा. गेल्या वर्षी सांगितलं, करून दिलं, आणि यंदा पुन्हा "गावाकडच्या नेटला". आज दुपारी यंदाची फाइल उतरवून बघितली. `mdat` आधी, `moov` शेवटी. वरची ओळ मी त्या पोराला पाठवलीय, आणि सोमवारी पेनड्राइव्ह घेऊन शाळेत जाणार आहे.

मघाशी मावशीचा फोन येऊन गेला. "औंदा नाटक कधी टाकालेत रे?" टाकतील एक-दोन दिवसांत, म्हणालो. परवाच टाकलंय हे तिला सांगितलं नाही, नाहीतर आज संध्याकाळी ती पुन्हा फणसाखाली जाऊन बसली असती.