तीन लेट मार्क म्हणजे अर्धा दिवस कट: हा नियम बंद करा

मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत टाइम ऑफिस आणि पगाराचं काम बघते. महिन्याच्या पंचवीस तारखेला कट-ऑफ असतो आणि त्याच्या आधीचे दोन दिवस माझा टेबलावरचा फोन थांबत नाही. त्या फोनांमधला निम्म्याहून जास्त त्रास एकाच नियमातून येतो: तीन लेट मार्क झाले की अर्धा दिवस कट. बहुतेक खाजगी ऑफिसांत तो आहे, आणि तो कुठून आला हे विचारलं की कोणालाच सांगता येत नाही. माझं स्पष्ट मत आहे की तो काढून टाकावा. लोकांनी कधीही यावं असं मी म्हणत नाही. पण या नियमामुळे हजेरीची नोंदच खोटी होत जाते आणि शेवटी ज्याची अडचण खरी, त्याचाच पगार कापला जातो. हे कसं घडतं ते जरा सविस्तर लिहिते.

आधी हिशेब. आकडे सोपे घेते. ऑफिस ठाण्यात, वेळ साडेनऊ ते सहा, मध्ये अर्धा तास जेवण, म्हणजे कामाचे आठ तास. ग्रेस दहा मिनिटं. बदलापूरहून येणारी एक मुलगी, पगार २६,००० रुपये, २६ दिवसांनी भागल्यावर दिवसाचे १,००० आणि तासाचे १२५. एका महिन्यात तिचे तीन पंच असे पडले: ९:४३, ९:४७, ९:४२. साडेनऊपासून मोजलं तर तेरा, सतरा आणि बारा, मिळून बेचाळीस मिनिटं. त्याची किंमत साडेसत्याऐंशी रुपये. नियमाने कापले गेले पाचशे. आणि त्याच तीन दिवशी ती संध्याकाळी ६:२०, ६:१५ आणि ६:३५ ला बाहेर पडली होती. म्हणजे सत्तर मिनिटं जास्त थांबली होती. ती मिनिटं मशीनमध्ये आहेत, पण पॉलिसीत त्यांना जागा नाही.

इथे कायदा काय म्हणतो ते एचआरमधल्या माझ्या सहकाऱ्यांनीही नीट वाचलेलं नसतं. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याचं कलम ९ सांगत होतं की गैरहजेरीसाठी होणारी कपात ही जितका वेळ माणूस गैरहजर होता त्याच प्रमाणात असावी, त्याहून जास्त नाही. त्याच्या जागी २०१९ ची वेतन संहिता आता लागू झाली आहे, तिनेही हेच तत्त्व ठेवलं आहे. मग इतकी वर्षं कंपन्या सुटल्या कशा? कारण बहुतेक जण आधी पगार कापत नाहीत, रजा कापतात. शिल्लक असलेल्या सीएलमधून अर्धा दिवस वळता केला की ती पगारातली कपात ठरत नाही. खरी अडचण रजा संपल्यावर येते. सॉफ्टवेअरला शिल्लक शून्य दिसते आणि तोच अर्धा दिवस आपोआप बिनपगारी होतो. त्या क्षणी बेचाळीस मिनिटांसाठी चार तासांचा पगार कापला जातो. तुमच्या कंपनीत हे होतं का ते बघायचं असेल तर जानेवारी ते मार्चच्या पगारपत्रकात, जिथे रजावर्ष मार्चअखेर संपतं, लेट मार्कमुळे लागलेले बिनपगारी अर्धे दिवस शोधा. सापडतील.

सरकारी नियम कडक असतात असं आपण धरून चालतो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना उशिराच्या प्रत्येक दिवसाला अर्धी किरकोळ रजा वजा होते, हे खरं. पण त्यातच पुढे असंही आहे की महिन्यातून दोन वेळा, एक तासापर्यंतचा उशीर, कारण पटण्यासारखं असेल तर सक्षम अधिकारी माफ करू शकतो. दोन गोष्टी लक्षात घ्या: सूट तासाची आहे, आणि ती देणारा माणूस आहे, मशीन नव्हे. आपल्याकडे दहा मिनिटांची ग्रेस असते आणि अकराव्या मिनिटाला कोणालाच काही ठरवायचा अधिकार नसतो.

आता या नियमाने माणसं काय करायला लागतात ते सांगते, कारण खरं नुकसान तिथे आहे.

दोन लेट मार्क आधीच झालेत आणि आज गाडी कळव्याला रखडली आहे. घड्याळात ९:३८. आता पोहोचेपर्यंत ९:५० होणार. अर्धा दिवस तर जाणारच आहे. मग माणूस म्हणतो, जातोच आहे तर सकाळ घरी काढतो, दीड वाजता येतो. वीस मिनिटांच्या उशिरापायी कंपनीचे चार तास गेले. हा कामचुकारपणा नाही. नियमानेच त्याला सांगितलं आहे की ९:५० आणि १:३० यांची किंमत एकच आहे.

दुसरा मार्ग जास्त रुळलेला आहे. सकाळी पंचच करायचं नाही. संध्याकाळी फक्त बाहेर जाताना बोट लावायचं आणि दुसऱ्या दिवशी पोर्टलवर रेग्युलरायझेशन टाकायचं: इन-पंच विसरलो, वेळ ९:२८. मॅनेजर मान्य करतो, कारण माणूस चांगला आहे आणि दोन-चार मिनिटांसाठी त्याची रजा जावी असं मॅनेजरलाही वाटत नाही. माझ्यासमोर एका सुपरवायझरने सरळ सांगितलं, "मॅडम, पोरगा रोज साडेसातपर्यंत बसतो. त्याचा अर्धा दिवस मी कापू? माझ्याच्याने होणार नाही." त्याचं मला पटतं. पण त्याच्या सहीखाली जी वेळ जाते ती खोटी असते.

हे ओळखायची एक साधी खूण आहे. माणसं खरंच विसरतात तेव्हा बहुतेक वेळा जातानाचं पंच विसरतात, कारण घरी जायची घाई असते. येतानाचं पंच दारातच असतं, तिथे सगळेच रांगेत असतात. तेव्हा महिन्याच्या यादीत विसरलेले इन-पंच विसरलेल्या आउट-पंचपेक्षा जास्त दिसले, आणि त्यातही ते दोन लेट मार्क झालेल्यांचेच असले, तर तुमच्याकडे विसराळू लोक नाहीत, वाईट नियम आहे. दुसरी खूण म्हणजे मॅनेजरच्या मान्यतेची वेळ. चोवीस तारखेला रात्री तीन मिनिटांत तीस अर्ज मंजूर झाले असतील तर ते कोणी वाचलेले नाहीत.

आणि मग या ढिगात खरी माणसं अडकतात. आमच्याकडे पॅकिंगमधल्या एका मावशींचं बोट मशीन घेत नाही. वर्षानुवर्षं खोके आणि टेप हाताळून त्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. त्या चार वेळा बोट लावतात, पुसून परत लावतात, मागची रांग ओरडायला लागते आणि त्या पुढे निघून जातात. त्यांच्या नावावर दर महिन्याला चार-पाच वेळा "पंच नाही" येतं. ज्या अधिकाऱ्याने शंभर खोटे अर्ज पाहिलेत, तो यांच्याकडेही त्याच नजरेने बघतो. मावशींनी पोर्टल कधी उघडलेलं नाही, त्यामुळे अर्ज जातच नाही आणि हजर असूनही गैरहजेरी लागते. यावर उपाय अगदी छोटा आहे: अशा लोकांना कार्ड द्या किंवा चेहरा ओळखणारं मशीन लावा, आणि तोवर गेटवरच्या सिक्युरिटीच्या वहीतली नोंद पुरावा माना. ती वही सगळीकडे असते. हजेरीच्या वादात ती कोणी मागवत नाही.

माझ्या मते गोंधळाचं मूळ हे की आपण तीन वेगळ्या गोष्टी एकाच फॉर्ममध्ये कोंबल्या आहेत. पंच नसणं ही नोंदीतली चूक आहे. तिला गेटची वही, लॉगिनची वेळ असा पुरावा हवा, आणि ती टाइम ऑफिसने दुरुस्त करावी, मॅनेजरच्या दयेवर सोडू नये. बँकेत किंवा गिऱ्हाइकाकडे जाऊन मग ऑफिसला येणं ही ऑन ड्यूटी आहे. ती आदल्या दिवशी कळवलेली असावी. आणि खराखुरा उशीर हा उशीरच आहे. तो लपवावा लागू नये इतकी त्याची किंमत माफक असायला हवी.

माफक म्हणजे किती? उशीर वेळांनी मोजू नका, मिनिटांनी मोजा. महिन्याला साठ मिनिटांचा एकत्र साठा द्या. पाच मिनिटं बारा वेळा किंवा वीस मिनिटं तीन वेळा, फरक पडायला नको. त्याच दिवशी थांबून भरून काढलेला वेळ त्यातून वजा करा. साठ्याच्या पुढे गेलेली मिनिटं रजेतून जाऊ देत, रजा नसेल तर पगारातून, पण तेवढीच. हाफ डे मात्र येण्याच्या वेळेवर ठरवू नका, भरलेल्या तासांवर ठरवा. आठपैकी सहा तासांपेक्षा कमी काम झालं तर अर्धा दिवस, चारपेक्षा कमी झालं तर पूर्ण. मग ९:५० ला पोहोचणारा घरी परतणार नाही, कारण यायचा फायदा त्याला दिसेल.

प्लांटमधल्या शिफ्टला हे लागू करू नका, हे मी मुद्दाम सांगते. सातच्या शिफ्टचा ऑपरेटर आला नाही तर रात्रपाळीचा माणूस मशीन सोडू शकत नाही. तो थांबतो, दमलेल्या हाताने काम करतो आणि त्याला दुप्पट दराने ओव्हरटाइम द्यावा लागतो. तिथे पाच मिनिटांनाही अर्थ आहे, आणि ग्रेस द्यायची तर दोन शिफ्ट पंधरा मिनिटं एकमेकींवर चढवूनच द्यावी लागते. पण हाच कडकपणा अकाउंट्सच्या टेबलाला लावण्याचं काही कारण नाही. सतत उशिरा येणाऱ्यासाठी शिस्तीचा वेगळा रस्ता आहेच. नमुना स्थायी आदेशांत सवयीने उशिरा येणं हे गैरवर्तन म्हणून दिलेलं आहे. त्याला बोलवा, लेखी समज द्या. पगारपत्रकातून गुपचूप शिक्षा करू नका.

अपवादांबद्दल एवढंच की जे सगळ्यांना एकदम भोगावं लागतं त्यासाठी एकेकाचा अर्ज मागू नका. पावसाळ्यात शीव-कुर्ल्याला रुळांवर पाणी आलं की सगळ्या शहराला माहीत असतं. त्या दिवशी टाइम ऑफिसनेच दुपारपर्यंत सगळ्यांना सूट लावावी. मुलगा आजारी, आईला दवाखान्यात नेलं, अशा कारणांसाठी आधी एक मेसेज पुरेसा धरा, दोन ओळींच्या अर्जाला डॉक्टरचं सर्टिफिकेट मागू नका. बाळंतपणाहून परतलेल्या बाईला मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसात दोन स्तनपानाच्या सुट्ट्या कायद्याने आहेत. त्यातली एक तिने सकाळी घेतली तर तो उशीर नव्हे, आणि त्यासाठी तिला रोज अर्ज करायला लावू नये. एकदाच मंजुरी, सिस्टममध्ये तिची वेळ बदला, संपलं.

शेवटचं, पोर्टल चालवणाऱ्यांसाठी. कट-ऑफला मॅनेजरने न पाहिलेला अर्ज बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये नामंजूर धरला जातो. ही सेटिंग उलटी करा. प्रलंबित अर्जाचा दिवस पूर्ण भरा, आणि नंतर अर्ज खोटा निघाला तर पुढच्या महिन्यात वळता करून घ्या. मॅनेजर रजेवर गेला म्हणून एखाद्याचे पाचशे रुपये एक तारखेला कमी पडतात आणि परत मिळायला पुढचा पगार उजाडतो. मधल्या काळात त्याचा कर्जाचा हप्ता बाउन्स झाला तर बँक जो दंड लावते, तो कुठल्याच रेग्युलरायझेशनने परत येत नाही.