लवचिक शिफ्टचा आचारी

आचाऱ्याच्या नोकरीचा अर्ज कागदावर लिहावा लागतो, हाच मुळात अन्याय आहे. गायकाला कोणी 'आपल्या आवाजाचे 200 शब्दांत वर्णन करा' असं सांगत नाही. आम्हाला मात्र फॉर्ममध्ये चौकट भरावी लागते: 'पाककौशल्ये'. मी पहिल्या खर्ड्यात बिनधास्त लिहिलं होतं, 'सर्व प्रकारच्या पाककृतींमध्ये पारंगत'. हॉटेलात मुरलेल्या एका मित्राने ते वाचलं आणि चहा बाजूला ठेवून विचारलं, "म्हणजे काहीच धड येत नाही का?"

त्याचं म्हणणं असं, की किचनमध्ये 'सर्व प्रकारचे' असं काही नसतं. तिथे सेक्शन असतात. कोणी सॉसवर उभा असतो, कोणी ग्रिलवर, कोणी कोल्ड किचनमध्ये, कोणी बेकरीत. अर्ज वाचणाऱ्या शेफला एवढंच हवं असतं, की हा माणूस कुठल्या सेक्शनला उभा होता, एका सर्व्हिसला किती कव्हर्स निघायचे, म्हणजे किती जणांचं जेवण, आणि तेव्हा सोबत किती हात होते. 'सॉस सेक्शन, कॉमी म्हणून, रात्रीचे 120 कव्हर्स, सेक्शनला दोघे' हे वाचलं की शेफच्या डोळ्यासमोर चित्र उभं राहतं; कॉमी म्हणजे कनिष्ठ आचारी. 'पारंगत' वाचलं की फक्त जांभई येते. मी पारंगत खोडलं. खोडताना जीव तुटला, कारण घरच्यांना तोच शब्द सगळ्यात जास्त आवडला होता.

पुढची चौकट स्वच्छता प्रशिक्षणाची. तिथे मी निर्धास्त होतो; प्रमाणपत्र होतं, शिक्का होता, शिक्क्यावर सही होती. शेवटची चौकट 'शिफ्टबाबत तयारी'. त्यात मी लिहिलं, 'कोणतीही शिफ्ट चालेल'. हे तीन शब्द मी ज्या वेगात लिहिले, त्या वेगात माणसाने सही करू नये. त्याचं नंतर सांगतो.

मुलाखतीच्या दिवशी एचआरच्या बाई अतिशय गोड बोलल्या. तुमची बलस्थानं कोणती, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता वगैरे. मी म्हणालो, "सू शेफ." म्हणजे मुख्य शेफच्या खालोखालचा. त्या म्हणाल्या, "छान." मग मला मागच्या दाराने किचनमध्ये सोडण्यात आलं आणि गोड बोलण्याचा कार्यक्रम तिथेच आटोपला.

ट्रेड टेस्ट म्हणजे करून दाखवायची परीक्षा. मी रात्रभर पाच मदर सॉस घोकले होते: बेशामेल, व्हेलूते, एस्पान्योल, टोमॅटो, हॉलंडेज. हॉलंडेज का फुटतो, अंड्याचा बलक कितीला गोठतो, सगळं तोंडपाठ. शेफनी माझ्यापुढे एक कांदा ठेवला आणि म्हणाले, "ब्रुन्वाज." म्हणजे 3 मिलिमीटरचे चौकोनी तुकडे. शब्द ऐकायला राजवाड्यातला वाटतो, पण डोळ्यांत पाणी तेवढंच येतं.

कापताना माझ्या लक्षात आलं, की शेफ कांद्याकडे बघतच नाहीयेत. ते बघत होते, मी बोर्डखाली ओला कपडा घातला का. न घातल्यास बोर्ड सरकतो आणि मग बोट सरकतं. हिरवा बोर्ड घेतला की लाल. बहुतेक किचनमध्ये हिरवा भाजीचा, लाल कच्च्या मांसाचा. सुरी ठेवताना पात्याचं तोंड कुठे केलं. आणि सगळ्यात जास्त वेळ ते बघत होते कचऱ्याच्या डब्यात! किती कांदा बोर्डवर राहिला आणि किती डब्यात गेला, यावरून म्हणे माणूस कळतो. मुलगी बघायला आलेल्यांनीही इतक्या कोनांतून बघितलं नसेल.

मग ऑम्लेट. तीन अंडी, लोणी, मीठ, एक तवा. सगळ्या परीक्षांत ऑम्लेटच का, याचं उत्तर तवा तापल्यावर मिळतं: लपवायला जागाच नसते. सॉसमध्ये चूक झाली तर वरून क्रीम ओतता येतं, ऑम्लेटवर काय ओतणार? लोण्याचा फेस बसला, पण रंग चढला नाही, एवढ्याच क्षणी अंडी घालायची. तवा हलवत, काट्याने ढवळत राहायचं, आतून ओलसर असतानाच गुंडाळायचं. बाहेरून पिवळं, एकही तपकिरी डाग नको. मिनिटाभराचा खेळ आहे. माझं जमलं, अगदी चित्रातल्यासारखं. शेफनी काट्याने एक तुकडा तोंडात टाकला, चेहऱ्यावर काहीही न आणता तो गिळला आणि म्हणाले, "आता अजून दोन. हेच."

यातली मेख 'हेच' मध्ये होती. एक चांगलं ऑम्लेट शेजारीपाजारी कोणालाही जमतं. नाश्त्याच्या गर्दीत पाहुण्यांची रांग लागलेली असताना पहिलं आणि चाळिसावं सारखंच निघालं पाहिजे, त्याचा पगार मिळतो. दुसऱ्याच्या वेळी तवा आधीच तापलेला असतो, म्हणून आच कमी करावी लागते. तिसऱ्याच्या आधी तवा पुसावा लागतो. मी दोन्ही केलं. शेफ "हं" म्हणाले. किचनमध्ये "हं" हा गौरव समारंभ असतो, हे मला पुढे कळलं. तेव्हा मी नुसता घाम पुसत होतो, तोही बाहीला नाही, टिश्यूने, आणि मग लगेच हात धुतले. हे शेफनी पाहिलं. मी ते पाहिलेलं पाहिलं.

आता माझं प्रमाणपत्र बाहेर आलं. शेफनी ते उलटंसुलटं केलं आणि स्टॉकच्या पातेल्याकडे बोट दाखवलं. माझ्या कमरेएवढं उंच, आत हाडांचा स्टॉक. "रात्रीचे अकरा. 20 लिटर स्टॉक गाळून झालाय, उकळता आहे. तुझी शिफ्ट संपली. काय करशील?"

या प्रश्नाचं सगळ्यात लोकप्रिय उत्तर 'झाकण ठेवून घरी जाईन' असं आहे. दुसरं लोकप्रिय उत्तर 'फ्रीजमध्ये ठेवीन'. दुसरं जास्त घातक, कारण त्यात माणसाला आपण काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. एवढ्या मोठ्या पातेल्याच्या मध्यातली उष्णता बाहेर पडायला तासन् तास लागतात. बाहेरून हात लावाल तर गार, मधोमध सकाळीसुद्धा कोमट. आणि कोमट म्हणजे जंतूंची धर्मशाळा. उकळल्यावर सगळे मरतात हाही गैरसमज. काहींचे बीजाणू उकळीतून सहीसलामत निघतात. क्लोस्ट्रिडियम पर्फ्रिंजेन्स नावाचे महाशय तर अशा कोमट स्टॉकमध्ये दहा-पंधरा मिनिटांत दुप्पट होतात. शिवाय गरम पातेल्याने फ्रीजमधली बाकीची मंडळीही तापतात ती वेगळीच.

मी म्हणालो, "शेफ, आधी पसरट ट्रेमध्ये ओतेन, दोन इंचांहून जास्त खोल नाही. ट्रे बर्फाच्या पाण्यात. स्वच्छ बाटलीत पाणी गोठवलेलं असेल तर त्यानेच ढवळेन. 60 अंशांवरून 21 वर दोन तासांत, आणि तिथून 5 वर पुढच्या चार तासांत."

"पहिल्याला दोन तास आणि दुसऱ्याला चार? उलट का नाही?"

"कारण वरच्या टप्प्यात जंतू सगळ्यात जोरात वाढतात, शेफ. तिथे थांबायचं नाही."

"आणि कळणार कसं?"

"थर्मामीटर मध्यभागी घालून. पण आधी बर्फाच्या पाण्यात बुडवून तो शून्य दाखवतो का बघेन." इथे मी थोडा वाहवत गेलो आणि लेबलवर आलो. काय आहे, कधी बनवलं, कधीपर्यंत वापरायचं, कोणी बनवलं. लेबल नसलेली वस्तू फ्रीजमध्ये सापडली तर वास घेत बसायचं नाही, सरळ टाकायची, कारण घातक जंतूंना वास येईलच असं नाही.

"बरं," शेफ म्हणाले. "मग वॉक-इनमध्ये जा आणि काय चुकलंय ते सांग."

वॉक-इन म्हणजे चालत आत जाता येईल एवढा खोलीभर फ्रीज. आत गेलो. कच्चं चिकन सगळ्यात खालच्या फळीवर, म्हणजे त्याचं पाणी कशावर ठिबकणार नाही, ठीक. जुना माल पुढे, नवा मागे, ठीक. वरच्या फळीवर एक स्टीलचा डबा, लेबल नाही, तारीख नाही. उघडला. आत भात आणि काहीतरी रश्श्याचं. शिजवलेला भात! भातातल्या जंतूंचे बीजाणूही शिजवून मरत नाहीत, आणि तो किती वेळ बाहेर राहिला होता हे कोणालाच माहीत नाही. नियम म्हणजे नियम. मी डबा बाहेर आणला आणि सगळ्यांसमोर, जरा अभिमानानेच, कचऱ्यात पालथा केला.

किचन एकदम गप्प झालं. एक्झॉस्टचा तेवढा आवाज. एक कॉमी ओव्हनच्या मागे जाऊन हसायला लागला. सू शेफ माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "शेफचं जेवण होतं ते."

शेफ डब्याकडे बघत राहिले. मग भिंतीकडे. भिंतीवर त्यांच्याच सहीचा कागद होता: 'लेबल नाही = कचरा. अपवाद नाही.' सही पाहून त्यांचं तोंड असं झालं, जसं मुलाने शाळेत खरं बोलल्यावर बापाचं होतं. मग ते एवढंच म्हणाले, "शिफ्टचं काय लिहिलंयस?"

"कोणतीही चालेल, शेफ."

"ब्रेक शिफ्ट?"

ब्रेक शिफ्ट म्हणजे दहा ते तीन आणि परत सहा ते अकरा. मधले तीन तास आपले. ते ना घरी जायला पुरतात, ना झोपायला. ज्याचं घर लांब आहे त्याने हा प्रश्न अर्ज भरण्याआधी स्वतःला विचारावा, आणि शेवटची गाडी कितीची आहे तेही बघावं. रात्री क्लोजिंग करून दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला नाश्त्याची शिफ्ट लागते का, हेही तिथेच विचारून घ्यावं. मी विचारलं. शेफ म्हणाले, "सलग नाही लावत. सहसा." त्या 'सहसा'मध्ये किती रात्री मावतात ते अजून कळायचंय.

संध्याकाळी एचआरच्या बाईंचा फोन आला, तसाच गोड. निवड झाली आहे, मेडिकल करून घ्या, बूट पुढून बंद हवेत. सुरुवात स्टाफच्या जेवणापासून, नव्या माणसाला तेच देतात. "आणि हो," त्या म्हणाल्या, "शेफनी खास निरोप दिलाय. पहिल्या दिवशी त्यांचा डबा तुम्ही भरायचा. लेबल लावून."