रिकाम्या रांगेकडे किती वेळा पाहावे? : एका प्रतिक्रियेला उत्तर

आमच्या कामांची रांग पोस्टग्रेसच्या एका टेबलमध्ये असते, आणि ती रिकामी असताना वर्करने दोन तपासण्यांमधली प्रतीक्षा वाढवत न्यावी, असे मी सुचवले होते. त्यावर आलेली प्रतिक्रिया:

«दर सेकंदाला तपासणे इतके सोपे असताना हा खटाटोप कशासाठी? रात्रीच्या शांततेनंतर आलेले पहिलेच काम तीस सेकंद रखडणार, आणि आपण त्याला सुधारणा म्हणता!»

आपला आक्षेप एकच वर्कर असेल तर मला मान्य आहे. पोस्टग्रेसच्या टेबलवर इंडेक्स नीट असेल, तर सेकंदाला एक क्वेरी हा भार नव्हेच, आणि तेथे मीही ठरावीक अंतरच ठेवीन. आमच्याकडे मात्र बिलांच्या पीडीएफ तयार करणारे १२ वर्कर आहेत. रात्रीच्या आठ तासांत दर सेकंदाला तपासल्यास ३,४५,६०० क्वेरी होतात आणि त्यांतील जवळजवळ सर्व रिकाम्या हाताने परततात. आमचा नियम असा आहे; त्यात `n` म्हणजे या खेपेस मिळालेली कामे आणि `BATCH` म्हणजे एका खेपेस जास्तीत जास्त घ्यायची कामे:

```
if n == BATCH: wait = 0
elif n > 0:    wait = 1
else:          wait = min(max(wait * 2, 1), 30)
sleep(wait * random.uniform(0.5, 1))
```

पूर्ण बॅच मिळाली, तर मागे आणखी कामे असणार, म्हणून न थांबता पुन्हा पाहायचे. थोडी मिळाली, तर पुन्हा एका सेकंदावर यायचे. प्रतीक्षा दुपटीने वाढत असल्यामुळे तीस सेकंदांची मर्यादा गाठेपर्यंत ती साधारणपणे आतापर्यंतच्या शांततेइतकीच असते, आणि म्हणूनच दिवसा पाच-दहा सेकंदांची उसंत मिळाली तरी पुढच्या कामाला फारसा उशीर होत नाही.

आपण म्हणता ते तीस सेकंद मात्र शेवटच्या ओळीवर अवलंबून आहेत. सुरुवातीला आमच्याकडे ती ओळ नव्हती. नवी आवृत्ती चढवताच बाराही वर्कर एकाच वेळी सुरू होत, एकाच गतीने मागे सरत आणि एकाच क्षणी जागे होत. डेटाबेसच्या लॉगमध्ये एका सेकंदात १२ क्वेरी आणि त्यानंतर अर्धा मिनिट पूर्ण शांतता, असा ठसा स्पष्ट दिसत असे. त्या अवस्थेत आपले म्हणणे शब्दशः खरे होते. प्रतीक्षेत यादृच्छिकता आणल्यावर वर्कर हळूहळू विखुरले. आता शांत काळात प्रत्येक जण सरासरी २२.५ सेकंदांनी पाहतो, पण बारांपैकी कोणीतरी सरासरी दोन सेकंदांच्या आत पाहतोच, आणि रात्रीच्या क्वेरी सुमारे १५,००० वर येतात.

एक मर्यादा मात्र उरते. पहाटे एकदम २०० बिले आली, तर पहिला वर्कर लगेच कामाला लागतो, परंतु बाकीच्यांना त्याची खबर नसते, आणि ते पुढच्या तीस सेकंदांत एकेक करून येऊन मिळतात. हा उशीर चालणार नसेल, तर ३० ऐवजी ५ ठेवावे. क्वेरी साधारण सहापट होतील, तरीही त्या सेकंदागणिक तपासण्याच्या तुलनेत बऱ्याच कमी राहतील. नवे काम येताच पोस्टग्रेसच्या `NOTIFY` या सूचनेने सर्वांना उठवणेही शक्य आहे, पण जोडणी तुटलेली असताना आलेली सूचना नंतर मिळत नाही, त्यामुळे पोलिंग पूर्णपणे काढून टाकता येत नाही.